वाड्याकडे तोंड की पाठ?

पुण्यात शनिवारवाडा पाहून एक पाहुणा दिल्ली दरवाज्यातून बाहेर पडतो. त्याला तुळशीबागेत जायचंय, बायकोनं यादी दिलीय. समोरच्या मैदानात एक गृहस्थ वाड्याचे बुरूज न्याहाळत उभे आहेत. पाहुणा त्यांना विचारतो, “काका, तुळशीबागेला कुठून जायचं?” काका चटकन सांगतात, “सोपं आहे. उजव्या हाताला वळा, वाड्याच्या कडेनं बाजीराव रस्त्याला लागा आणि मग नाकासमोर चालत राहा. अप्पा बळवंत चौक लागेल, तो सोडायचा. पुढं लक्ष्मी रस्ता ओलांडला की विश्रामबागवाडा. त्याच्या समोरच.”

सांगणाऱ्याचा एकही शब्द खोटा नाही आणि ऐकणाऱ्यानं एकही शब्द चुकीचा ऐकलेला नाही. तरीही पाहुणा निघतो तो थेट उलट्या दिशेला.

ही चूक कुठं झाली हे कळायला वाड्याची बैठक माहीत असावी लागते. दिल्ली दरवाजा उत्तरेला तोंड करून आहे. दिल्लीच्या दिशेला, म्हणून त्याचं नाव तसं. दरवाज्यातून बाहेर येणाऱ्या माणसाचं तोंड उत्तरेला असतं आणि त्याचा उजवा हात पूर्वेला. वाडा पाहत उभ्या असलेल्या काकांचं तोंड मात्र दक्षिणेला आहे आणि त्यांचा उजवा हात पश्चिमेला. बाजीराव रस्ता वाड्याच्या पश्चिम अंगाला आहे. काकांनी स्वतःच्या उजव्या हाताचा रस्ता सांगितला, पाहुण्यानं स्वतःचा उजवा हात धरला आणि तो पूर्वेच्या शिवाजी रस्त्यावर गेला. समोरासमोर उभ्या असलेल्या दोन माणसांत ‘उजवा’ हा शब्द एकच असला तरी हात दोन असतात.

या चुकीवरचा उपाय रिक्षावाले आणि टपरीवाले नकळत वापरतात. ते आधी ऐकणाऱ्याच्या बाजूला येऊन उभे राहतात, त्याचं तोंड आहे तिकडं स्वतःचं तोंड करतात आणि मग हात दाखवतात. तसं जमत नसेल तर वाक्याची सुरुवात बदलायची: “वाड्याकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला” किंवा “वाड्याकडे पाठ केली की डाव्या हाताला”. मराठीत ‘तोंड’ आणि ‘पाठ’ हे दोन शब्द अशा वेळी होकायंत्राचं काम करतात. एखाद्या स्थिर वस्तूकडं तोंड किंवा पाठ ठरवून दिली की डावं-उजवं कुणाच्या मर्जीवर राहत नाही. “मारुतीचं देऊळ डाव्या हाताला ठेवून पुढं जा” या वाक्यातही तेच आहे. देऊळ उजव्या हाताला दिसलं तर चालणाऱ्याला तिथल्या तिथं कळतं की आपण उलट्या बाजूनं आलो.

काकांच्या सांगण्यात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. त्यांनी एकदाही मीटर, किलोमीटर किंवा उत्तर-दक्षिण म्हटलं नाही. सगळा रस्ता त्यांनी क्रियापदांवर चालवला. मराठीत चौक ‘लागतो’, म्हणजे चालणारा त्याला शोधत नाही, तो आपसूक वाटेत येतो. चौक ‘सोडायचा’ म्हणजे तिथं वळायचं नाही. रस्ता ‘धरायचा’ म्हणजे आता तो बदलायचा नाही. बोळ ‘फुटतो’ म्हणजे मोठ्या रस्त्यातून तो बारीक होऊन निघतो आणि लक्ष नसेल तर हुकतो. देवळाला ‘वळसा घालायचा’ म्हणजे त्याच्या कडेनं फिरून मागच्या बाजूला यायचं. ही क्रियापदं नीट ऐकली तर पत्ता अर्धा कळतो. “दोन बोळ सोडा, तिसरा धरा” हे पाच शब्द कागदावर काढलेल्या नकाशाइतकेच स्पष्ट आहेत.

मात्र हाच ‘दोन सोडा, तिसरा धरा’ प्रकार मोजणीत फसतो. “दुसऱ्या सिग्नलला डावीकडं” असं कुणी सांगितलं आणि विचारणारा सिग्नलपाशीच उभा असला, तर तो सिग्नल पहिला धरायचा की नाही? सांगणारा बहुतेक वेळा तो धरत नाही, कारण त्याच्या मनात प्रवास तिथून पुढं सुरू होतो. ऐकणारा मात्र समोर दिसतोय म्हणून तो मोजतो. त्यामुळं चूक नेमकी एका चौकाची होते. तेवढी चूक झाली आहे असं वाटलं, तर एक चौक पुढं जाऊन पाहायला हरकत नसते. सांगणाऱ्यानं “हा सिग्नल धरून दुसरा” किंवा “हा सोडून दुसरा” इतकं जोडलं तर प्रश्नच उरत नाही.

‘समोर’ हा शब्दही असाच दुधारी आहे. “विश्रामबागवाड्यासमोर तुळशीबाग” याचा अर्थ रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, वाड्याच्या तोंडासमोर. पण “समोर जा” याचा अर्थ पुढं, सरळ. “बँकेसमोर” म्हटलं की काही जण बँकेच्या दारात येऊन थांबतात, तर काही रस्ता ओलांडून पलीकडं जातात. म्हणून सरावलेला माणूस “बँकेच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडं” असं जोड देऊन सांगतो. ‘बाजूला’ आणि ‘शेजारी’ यांतही फरक आहे. शेजारी म्हणजे भिंतीला भिंत. बाजूला म्हणजे आसपास, मध्ये एखादं दुकानही असू शकतं.

या सगळ्यांत सर्वांत फसवी जोडी ‘अलीकडे’ आणि ‘पलीकडे’ यांची. “शनिपाराच्या अलीकडे” हे शनिवारवाड्याकडून येणाऱ्याला सांगितलं तर त्याचा अर्थ शनिपारापर्यंत जायचं नाही, त्याआधीच थांबायचं. सारसबागेकडून येणाऱ्याला तेच वाक्य सांगितलं तर तो शनिपाराच्या दुसऱ्याच बाजूला थांबेल आणि तुळशीबाग शोधत बसेल. अलीकडे-पलीकडेचा अर्थ येणारा कुठून येतो यावर ठरतो. फोनवर पत्ता सांगताना हीच गल्लत सर्वाधिक होते, कारण सांगणारा घरी बसून स्वतःच्या नेहमीच्या वाटेनं विचार करतो आणि पाहुणा दुसऱ्याच टोकाकडून येत असतो. म्हणून पत्ता विचारणाऱ्या फोनवर पहिला प्रश्न “कुठं आहात?” हा असला तरी दुसरा “कुणीकडून येताय?” हा असावा लागतो.

आता पाहुण्याकडं परत येऊ. तो पूर्वेच्या शिवाजी रस्त्यावर आला आहे आणि दक्षिणेकडं चालतो आहे. थोड्या वेळात त्याला डाव्या हाताला लाल महाल दिसतो, मग दगडूशेठ गणपतीपाशी हारवाल्यांची आणि दर्शनाला आलेल्यांची गर्दी. त्याला सांगितलेला अप्पा बळवंत चौक काही लागत नाही. इथंच त्याला शंका यायला हवी. सांगितलेल्या खुणांपैकी पहिलीच खूण अपेक्षित वेळेत आली नाही तर दुसऱ्या खुणेची वाट पाहत चालत राहण्यात अर्थ नसतो.

पुण्याच्या या दोन समांतर रस्त्यांवर चूक ओळखायची एक सोपी तपासणी आहे. दोन्ही रस्ते एकेरी आहेत. शिवाजी रस्त्यावर वाहनं शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडं जातात, बाजीराव रस्त्यावर ती सारसबागेच्या बाजूनं शनिवारवाड्याकडं येतात. म्हणून वाड्याकडून दक्षिणेला चालणाऱ्या माणसाच्या अंगावर वाहनं येत असतील तर तो बाजीराव रस्त्यावर आहे आणि वाहनं पाठीमागून येऊन पुढं जात असतील तर शिवाजी रस्त्यावर. पाटी न वाचता, कुणाला न विचारता हे कळतं. याच कारणामुळं पायी जाणाऱ्याला सांगितलेला रस्ता स्कूटरवाल्याला उपयोगी पडत नाही. “चालत की गाडीवर?” हा प्रश्न जुन्या पेठांमध्ये पत्त्याइतकाच महत्त्वाचा आहे, पायी दहा मिनिटांचं अंतर गाडीला मोठा वळसा घालून कापावं लागतं.

पाहुण्याचं नशीब म्हणजे दोन्ही रस्ते समांतर आहेत आणि तुळशीबाग त्या दोघांच्या मध्ये आहे. दगडूशेठच्या पुढं मंडईपाशी आल्यावर तो एका फुलवाल्या मावशींना विचारतो. त्या मान हलवून उजवीकडची गल्ली दाखवतात आणि तो तुळशीबागेत मागच्या अंगानं शिरतो. बाजीराव रस्त्यानं आला असता तर ती त्याला डाव्या हाताला लागली असती. समांतर रस्ते असलेल्या शहरात चुकलेल्या माणसाला अशी दुसरी संधी मिळते. नदी किंवा रेल्वे मध्ये आली की ती मिळत नाही. तिथं चुकीचा काठ धरला तर पूल गाठेपर्यंत परतणं नाही.

काकांनी सांगितलेल्या रस्त्यात एक खूण द्यायची राहून गेली होती, चुकल्याची खूण. “शनिपार लागला तर समजा पुढं आलात.” चांगला पत्ता सांगणारा माणूस मुक्काम सांगून थांबत नाही, मुक्काम ओलांडल्यावर काय दिसेल हेही सांगतो. या एका वाक्यानं चालणाऱ्याची धास्ती कमी होते, कारण ते वाक्य नसेल तर माणूस एकतर फार लवकर थांबतो किंवा फार पुढं जातो.

खुणांचा विचार गेल्या शतकात शहररचनेच्या अभ्यासकांनी मन लावून केला. केव्हिन लिंच या अमेरिकन अभ्यासकानं 1960 साली ‘द इमेज ऑफ द सिटी’ हे पुस्तक लिहिलं. माणसं शहर डोक्यात कसं साठवतात हे त्यानं लोकांशी बोलून शोधलं आणि रस्ते, कडा, वस्त्या, चौक आणि खुणा असे पाच घटक मांडले. खूण म्हणून चालणारी गोष्ट आसपासच्या गोष्टींहून वेगळी दिसली पाहिजे, हे त्याचं म्हणणं पुण्याच्या जुन्या पेठांमध्ये फार आधी अमलात आलं होतं.

पुण्यात मारुती इतके आहेत की “मारुतीच्या देवळाजवळ” असं सांगणं म्हणजे न सांगण्यासारखंच. म्हणून प्रत्येक मारुतीला एक वेगळं विशेषण चिकटलं: जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, डुल्या मारुती, सोन्या मारुती, भिकारदास मारुती. विठोबा पासोड्या आणि उपाशी, मुरलीधर खुन्या, म्हसोबा सोट्या. या नावांमागच्या कथा पुणेकर आवडीनं सांगतात आणि त्या एकमेकांशी जुळतीलच असं नाही. पत्ता सांगणाऱ्याच्या दृष्टीनं कथा गौण आहे, महत्त्वाचं आहे ते विशेषण. ‘मारुती’ म्हटल्यावर डझनभर ठिकाणं डोळ्यांपुढं येतात, ‘पत्र्या मारुती’ म्हटल्यावर एकच. टपालखात्याच्या पिनकोडनं जे काम आकड्यांनी केलं ते पेठेनं टोपणनावांनी केलं.

चौकाला काय म्हणतात हेसुद्धा गावोगावी बदलतं आणि परगावचा माणूस तिथं अडखळतो. मुंबईत आणि ठाण्यात नाका. कोल्हापुरात तीन रस्ते मिळतात ती तिकटी. मिरजकर तिकटी त्याच जातीची. सिंधुदुर्गात त्याला तिठा म्हणतात. नाशिकच्या जुन्या भागात तिवंधा आहे आणि रविवार कारंजासारखी ठिकाणं पाण्याच्या कारंजांवरून ओळखली जातात. पुण्यात फडके हौद, नाना हौद ही नावं पेशवाईत कात्रजहून नळानं शहरात आणलेल्या पाण्याची आठवण ठेवून आहेत. शनिपार, नागनाथपार ही नावं ‘पार’ या शब्दावरून आली, म्हणजे झाडाभोवतीचा बांधलेला कट्टा. छत्रपती संभाजीनगरमध्ये दरवाजे आणि पुरे सांगितले जातात. “पुढच्या तिकटीला डावीकडं” हे ऐकून नाशिककर गोंधळला तर त्याला दोष देता येत नाही. अशा वेळी “तिकटी म्हणजे चौकच ना?” असं विचारण्यात कमीपणा नसतो. उत्तर “नाही हो, तीन रस्ते मिळतात तिथं” असं आलं तर एक खूण फुकट मिळते.

खुणा सांगण्यातला सगळ्यांत मजेशीर आणि सगळ्यांत त्रासाचा भाग म्हणजे ज्या जागी राहिल्याच नाहीत अशा खुणा.

पुण्यात डेक्कनला नदीवरचा लकडी पूल विचारला तर कुणीही दाखवतो. पूल काँक्रीटचा आहे, त्यात लाकूड शोधूनही सापडत नाही, अधिकृत नाव छत्रपती संभाजी पूल. त्याच्या एका टोकाला अलका टॉकीज चौक आहे, कागदोपत्री लोकमान्य टिळक चौक. आता बाहेरगावच्या माणसानं पाटीवरचं नाव वाचून “टिळक चौक कुठं?” असं विचारलं तर त्याला चौकाऐवजी तिथूनच निघून स्वारगेटकडं जाणारा टिळक रस्ता दाखवला जाण्याची शक्यता असते. नाव बरोबर असूनही जागा चुकते, कारण शहर त्या चौकाला टॉकीजच्या नावानं ओळखतं.

मुंबईत ही गोष्ट आणखी जुनी. दादर टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 रोजी धावली, रूळ गेले, पण टॅक्सीवाल्याला “टी.टी.ला सोडा” म्हटलं की तो आजही बरोबर नेतो. चर्चगेटचं ‘गेट’ म्हणजे मुंबईच्या कोटाचा दरवाजा. तो कोट 1860 च्या दशकात पाडला, तरी स्टेशनाचं नाव तेच राहिलं. धोबी तलावात तलाव नाही. काळा घोडा म्हणजे एडवर्ड सातव्याचा घोड्यावर बसलेला काळा पुतळा. तो 1965 साली तिथून हलवला आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. पन्नासहून अधिक वर्षं त्या चौकात घोडा नसताना लोक काळ्या घोड्यापाशी भेटत होते. 2017 साली तिथं नवा घोडा बसवला, यावेळी स्वार नसलेला, आणि खूण पुन्हा खरी झाली.

बाहेरून आलेल्याला यातून एक व्यवहाराची गोष्ट शिकायला मिळते. सांगितलेली खूण डोळ्यांना दिसली नाही म्हणजे आपण चुकलो असं समजू नये. “इथं ट्राम टर्मिनस कुठं?” असं विचारण्याऐवजी “टी.टी. म्हणतात ते हेच का?” असं विचारावं. पहिल्या प्रश्नानं इमारत शोधली जाते, दुसऱ्यानं नाव. शहरात अनेकदा नावच शिल्लक असतं.

मुंबईनं याशिवाय एक स्वतःची दिशा तयार केली आहे. तिथं पूर्व आणि पश्चिम सूर्यावरून ठरत नाहीत, रेल्वेच्या रुळांवरून ठरतात. दादर पूर्व, अंधेरी पश्चिम हे पत्त्याचे भाग आहेत. चुकीच्या बाजूला उतरलेला माणूस समोर इमारत दिसत असतानाही पुलावरून जाऊन येईपर्यंत तिथं पोचू शकत नाही. म्हणून मुंबईत पत्ता सांगताना रस्त्याच्या आधी पुलाची गोष्ट येते: “चर्चगेटकडच्या पुलावरून उतरा”, “मधल्या पुलावरून पश्चिमेला या”. तिथं अंतरापेक्षा बाजू महत्त्वाची.

अंतराचं बोलणं हा मात्र मराठीचा खास मोकळा प्रांत आहे. “इथंच आहे”, “चार पावलांवर”, “हाकेच्या अंतरावर”, “चार घरं सोडून” ही सगळी अंतरंच आहेत, फक्त त्यांची मापपट्टी बोलणाऱ्याच्या पायांत असते. शहरातला माणूस “दोन मिनिटांवर” म्हणतो तेव्हा तो बहुधा गाडीच्या मिनिटांत बोलतो. खेडेगावचा माणूस “जवळच” म्हणतो तेव्हा त्याच्या मनात रोजच्या चालीचं अंतर असतं, आणि शहरातून आलेल्याला ते दुपारच्या उन्हात संपता संपत नाही.

कुठलं तरी गणित हातात असावं म्हणून एवढं लक्षात ठेवता येतं: निवांत चालणारा माणूस गर्दीच्या रस्त्यावर ताशी चार किलोमीटरच्या आसपास चालतो, म्हणजे मिनिटाला साठ-सत्तर मीटर. त्या हिशेबानं “पाच मिनिटं चालत” म्हणजे तीनशे-साडेतीनशे मीटर. “हाकेच्या अंतरावर” याचा अर्थ शब्दशः घेतला तर शंभर मीटरच्या पुढं जायला नको, कारण गर्दीत त्यापलीकडं हाक पोचत नाही. प्रत्यक्षात लोक हा शब्द तिप्पट-चौपट अंतरालाही वापरतात. शनिवारवाड्यापासून तुळशीबाग पाऊण ते एक किलोमीटर भरते, गर्दीतून दहा ते पंधरा मिनिटं. काकांनी ती “इथंच आहे” म्हणून सांगितली असती तरी पुणेरी हिशेबानं ते खोटं ठरलं नसतं.

जुन्या मापांचे अवशेषही बोलण्यात आहेत. कोस हे अंतर भागाभागाप्रमाणं बदलायचं. साधारण तीन किलोमीटर धरलं तर फार चुकत नाही. एका मैलात आठ फर्लांग, म्हणजे एक फर्लांग सुमारे दोनशे मीटर. देशानं 1956 च्या कायद्यानं मेट्रिक मापं स्वीकारली, पण ज्येष्ठ मंडळी “फर्लांगभर” म्हणतात तेव्हा त्यांचा अंदाज किलोमीटरवाल्या तरुणांपेक्षा पुष्कळदा नेमका निघतो, कारण फर्लांग हे त्यांनी चालून मोजलेलं असतं. शहरात एक नवं मापही रुजलं आहे: “मिनिममचं अंतर”. पुण्या-मुंबईत रिक्षाचं किमान भाडं पहिल्या दीड किलोमीटरसाठी असतं, त्यामुळं “मिनिममच्या पुढं जाणार नाही” हे ऐकलं की प्रवाशाला अंतर आणि खर्च दोन्ही एकदम कळतात.

अंतराबाबत विचारणाऱ्यानं एक प्रश्न नेहमी जोडावा: “चालत किती वेळ लागेल?” मीटर विचारले तर बरेच जण अंदाजपंचे आकडा सांगतात. वेळ विचारली तर ते मनातल्या मनात तो रस्ता चालून पाहतात आणि उत्तर बरं येतं. चालताना त्यांना मधली एखादी विसरलेली खूणही आठवते.

विचारण्याच्या पद्धतीचाही उत्तरावर परिणाम होतो. “तुळशीबाग इकडंच ना?” असं हात दाखवून विचारलं तर समोरचा माणूस भिडेखातर “हो, हो” म्हणतो, मग त्याला नक्की माहीत असो वा नसो. “तुळशीबागेला कुठून जायचं?” असं विचारलं तर त्याला रस्ता सांगावाच लागतो आणि त्याला तो माहीत आहे की नाही हे लगेच कळतं. माहीत असलेला माणूस दोन वाक्यांत एक तरी खूण देतो. माहीत नसलेला माणूस फक्त दिशा देतो: “असंच पुढं जा, तिथं विचारा.” हे उत्तर पूर्ण निरुपयोगी नाही, पण त्याचा अर्थ एवढाच की या माणसाला त्यापुढं माहिती नाही.

कुणाला विचारायचं हेही ठरलेलं असतं. मोठे रस्ते आणि चौक रिक्षावाल्यांना माहीत असतात. आतले बोळ, वाडे आणि सोसायट्या इस्त्रीवाल्याला, किराणा दुकानदाराला आणि वर्तमानपत्र टाकणाऱ्या पोरांना माहीत असतात, कारण ते घरोघरी जातात. घर क्रमांक विचारायचा असेल तर चौकातल्या पोलिसापेक्षा गल्लीच्या तोंडाशी बसलेला इस्त्रीवाला उपयोगी पडतो. त्याला आडनाव सांगितलं की तो मजला आणि दार दोन्ही सांगतो. हाक कशी मारायची हेही गावानुसार बदलतं. पुण्यात “अहो काका” किंवा “दादा”, नागपूरकडं “भाऊ”, बाईमाणसाला “ताई” किंवा “मावशी”. पुण्यातल्या दारांवर “येथे पत्ता विचारू नये” अशा आशयाच्या पाट्याही सापडतात. त्या राग दाखवत असल्या तरी एक गोष्ट कबूल करतात: त्या घरासमोरून दिवसभरात अनेक जण वाट चुकून जातात.

फोनमधला नकाशा आला तरी हे बोलणं संपलं नाही. उलट नकाशाला हे बोलणं शिकावं लागलं. भारतात लोक रस्त्यांच्या नावांनी नव्हे तर खुणांनी रस्ता सांगतात, हे लक्षात आल्यावर गूगलनं 2009 साली भारतासाठीच्या मार्गदर्शनात खुणा घालायला सुरुवात केली. तरीही पेठेतल्या बोळात शिरल्यावर नकाशातला निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उड्या मारतो आणि माणूस फोन खिशात टाकून पुन्हा इस्त्रीवाल्यापाशी थांबतो.

तुळशीबागेत खरेदी आटोपून पाहुणा परत शनिवारवाड्याकडं निघतो, यावेळी बाजीराव रस्त्यानं. परतीच्या रस्त्यावर सगळ्या खुणा उलट्या होतात आणि त्या तशा डोक्यात फिरवून घ्याव्या लागतात. विश्रामबागवाडा आता डाव्या हाताला आहे. लक्ष्मी रस्ता आधी, अप्पा बळवंत चौक नंतर. सकाळी ज्या चौकाच्या पलीकडे तुळशीबाग होती त्याच्या पलीकडे आता शनिवारवाडा आहे. वाहनं मागून येऊन पुढं जाताहेत, म्हणजे रस्ता बरोबर आहे. वाड्याचा बुरूज दिसतो तेव्हा तो उजव्या हाताला असतो आणि दिल्ली दरवाज्यापाशी जाण्यासाठी त्याच्या कडेनं उत्तरेला जाऊन पूर्वेकडं, म्हणजे उजवीकडं वळावं लागतं. काका अजून तिथंच आहेत. त्यांनी विचारलं, “सापडली का तुळशीबाग?” पाहुणा म्हणाला, “सापडली, पण मंडईच्या बाजूनं.” काकांनी क्षणभर वाड्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडं, आणि हसून म्हणाले, “अरेच्चा, तुम्ही बाहेर येत होतात, नाही का?”